शिकताना विसरणारं यंत्र: उजळणी आणि भाररक्षण

आज आपण एकाच प्रश्नाभोवती बोलणार आहोत. एखाद्या यंत्राला नवं काही शिकवलं, तर त्याला आधी येत असलेलं का विसरायला होतं? आणि ते विसरू नये म्हणून लोकांनी काय काय करून पाहिलं आहे?

प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस स्मरणाची दोन चित्रं मांडतो. पहिल्यात मन म्हणजे मेणाचा गोळा, अनुभवाचा ठसा त्यावर उमटतो. दुसऱ्यात मन म्हणजे पक्ष्यांचा मोठा पिंजरा, त्यात एकेक ज्ञान एकेका पक्ष्यासारखं सुटं उडत असतं. पिंजऱ्यात नवा पक्षी सोडला तर जुन्याला धक्का लागायचं कारण नाही. मेणाचं तसं नाही. त्याच मेणावर दुसरा ठसा दाबला की पहिला बुजतो. आपण संगणकाच्या स्मृतीचा विचार करतो तेव्हा डोळ्यांसमोर पिंजरा असतो, म्हणजे फायली, कप्पे, एकेका गोष्टीची ठरलेली जागा. पण आज ज्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात ते जाळं पिंजऱ्यासारखं नाही, मेणासारखं आहे. आजचा सगळा विषय एवढ्यातून निघतो.

जाळं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगू. आत पुष्कळ तारा आहेत असं समजा. प्रत्येक तारेवर एक आकडा असतो. इंग्रजीत त्याला वेट म्हणतात, आपण भार म्हणू. आत येणारी माहिती या भारांनी गुणली जाते, बेरजा होतात आणि दुसऱ्या टोकाला उत्तर येतं. उत्तर चुकलं की ज्या ज्या भाराचा त्या चुकीत वाटा होता, तो थोडा थोडा हलवायचा. याचंच नाव शिकणं. आत वेगळी वही नाही. जे काही शिकलेलं आहे ते सगळं या आकड्यांत आहे, आणि तेच आकडे प्रत्येक कामाला वापरले जातात.

१९८९ साली मायकेल मक्क्लोस्की आणि नील कोहेन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका छोट्या जाळ्याला त्यांनी आधी एकच्या बेरजा शिकवल्या: एक अधिक एक, एक अधिक दोन, असं करत नऊ अधिक एकपर्यंत. उलटसुलट धरून अशा १७ बेरजा होतात. त्या पक्क्या झाल्या. मग दोनच्या १७ बेरजा शिकवायला घेतल्या, आणि एकच्या बेरजा मध्ये पुन्हा दाखवल्या नाहीत. दोनच्या बेरजांच्या पहिल्या काही फेऱ्यांतच एकच्या बेरजांची बरोबर उत्तरं १०० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आली, आणि पुढे जवळजवळ शून्यावर.

आपल्याकडे दोनचा पाढा शिकल्यावर एकचा पाढा विसरलेलं मूल कुणी पाहिलंय का? माणूसही विसरतो, पण हळूहळू आणि अर्धवट विसरतो. इथे पाटीच पुसली गेली. म्हणून या दोषाला कॅटास्ट्रॉफिक फर्गेटिंग म्हणतात. आपण 'सर्वनाशी विस्मरण' म्हणू. त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'एक अधिक दोन' आणि 'दोन अधिक एक' या दोन बेरजा दोन्ही यादीत होत्या. तरी दुसरी यादी सुरू होताच सुरुवातीला त्यांचीही उत्तरं बिघडली. म्हणजे जुनी गोष्ट नव्याच्या विरोधात होती म्हणून गेली, असं म्हणता येत नाही. धक्का सगळ्या मेणाला बसला होता.

आता असं का होतं, ते हातानं करून पाहू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या. दोनच तारांचं जाळं घेऊ. पहिली तार, दुसरी तार, दोन्हींचे भार शून्य. जी तार चालू असेल तिचा भार उत्तरात मिळवायचा, बंद असेल तिचा नाही. चूक झाली तर ती चालू असलेल्या तारांमध्ये सारखी वाटून दुरुस्त करायची. बंद तारेला हात लावायचा नाही, कारण त्या चुकीत तिचा वाटा नव्हता. नियम एवढाच.

पहिलं काम असं आहे: फक्त पहिली तार चालू, उत्तर २ यायला हवं. भार होतात २ आणि ०. छान. दुसरं काम: दोन्ही तारा चालू, उत्तर ६ हवं. आत्ता २ येतंय, ४ कमी पडतात. दोघींना दोन-दोन वाटले. भार झाले ४ आणि २, बेरीज ६. दुसरं काम साधलं. पण आता पहिलं काम विचारा. फक्त पहिली तार चालू, उत्तर येतं ४. हवं होतं २. गेलं!

इथे क्षणभर थांबू या. जाळ्यात जागा कमी होती म्हणून हे झालं का? नाही. २ आणि ४ असे भार ठेवले तर पहिल्या कामाचं उत्तर २ येतं आणि दुसऱ्याचं ६. दोन्ही कामं त्याच दोन तारांत सुखानं राहू शकतात. अडचण अशी की दुसरं काम शिकताना जाळ्यासमोर फक्त दुसऱ्या कामाची चूक होती. ६ मिळवून देणारे भार अगणित आहेत. त्यांतले नेमके कोणते पहिल्या कामालाही चालतात, हे सांगणारं समोर कुणीच नव्हतं. तेव्हा हा दोष पात्राचा नव्हे, क्रमाचा आहे. दोन्ही कामं मिसळून शिकवली असती तर प्रश्नच आला नसता.

यावरून पहिला उपाय आपोआप सुचतो, आणि तो आपल्या शाळेतला आहे: उजळणी. जुन्या कामाची थोडी उदाहरणं जपून ठेवायची आणि नवं शिकवताना अधूनमधून दाखवायची. इंग्रजीत रिप्ले. आपल्या जाळ्यावर करून बघा. भार ४ आणि २ आहेत. पहिलं काम परत विचारलं, २ जास्त येतात, आणि चालू तार एकच, म्हणून पहिला भार ४ चा २ झाला. आता २ आणि २. दुसरं काम विचारलं, ४ आले, २ कमी, एकेक वाटला: ३ आणि ३. पुन्हा पहिलं काम: २ आणि ३. पुन्हा दुसरं: अडीच आणि साडेतीन. पुन्हा पहिलं: २ आणि साडेतीन. दर फेरीला उरलेलं अंतर निम्मं होत जातं आणि भार २ आणि ४ कडे सरकतात. कुणी उत्तर सांगितलं नाही. आळीपाळीनं विचारत राहिल्यानं ते सापडलं.

मेंदूही काहीसं असंच करत असावा, अशी मांडणी १९९५ साली मक्लेलँड, मक्नॉटन आणि ओरायली यांनी केली. मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवा अनुभव चटकन टिपतो, आणि बाह्यक हळूहळू शिकतो. हिप्पोकॅम्पस टिपलेलं पुन्हा पुन्हा त्याच्यापुढे ठेवतो, जुन्यात नवं मिसळत जातं आणि म्हणून जुनं पुसलं जात नाही. जागेपणी उंदीर जिथे फिरला त्या जागांशी जोडलेल्या पेशी नंतर झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होतात, हे त्याच्या आदल्याच वर्षी विल्सन आणि मक्नॉटन यांनी दाखवलं होतं.

उजळणीला अडचणी दोन आहेत. एक, किती जपायचं? सगळं जपता आलं तर उत्तमच, पण साठा मर्यादित असतो. समजा २०० उदाहरणांचीच पेटी आहे आणि उदाहरणं येतच राहतात. तर एक सोपी युक्ती वापरतात. हजारावं उदाहरण आलं की ते २०० भागिले १,००० एवढ्या शक्यतेनं पेटीत घ्यायचं, आणि घेतलं तर आतलं कुठलंही एक चिठ्ठी टाकून काढायचं. असं करत गेलं की आजवर आलेल्या प्रत्येक उदाहरणाला पेटीत असण्याची संधी सारखी मिळते. जुनं म्हणून मागे पडत नाही, नवं म्हणून पुढे घुसत नाही. पण पेटी फारच लहान असली तर जाळं ती मोजकी उदाहरणंच पाठ करतं, आणि त्यांच्यासारखी दुसरी दाखवली की अडखळतं. हे ओळखायचं कसं? पेटीतल्या उदाहरणांवर उत्तरं अचूक, आणि त्याच कामाच्या न पाहिलेल्या उदाहरणांवर घसरलेली. परीक्षा नेहमी न पाहिलेल्यावर घ्यावी, ती यासाठी.

दुसरी अडचण अशी की कधी कधी जुनं जपण्याची परवानगीच नसते. समजा, मधुमेहाच्या रुग्णांच्या डोळ्यांचे फोटो पाहून दृष्टिपटलाला इजा झाली आहे का, हे सांगणारी व्यवस्था आहे. दवाखान्यानं नवा कॅमेरा घेतला, त्याचे फोटो थोडे वेगळे येतात, म्हणून व्यवस्थेला नव्या फोटोंवर शिकवलं. आधीच्या रुग्णांचे फोटो मात्र काम झाल्यावर पुसून टाकायची अट होती. आता उजळणी कशाची करणार? आणि जिथे अजून जुनाच कॅमेरा आहे तिथल्या रुग्णाचं काय? यंत्र तिथेही तितक्याच ठामपणे उत्तर देणार. आपण विसरलो आहोत, हे त्याला कळत नाही.

इथे दुसरा उपाय पुढे येतो, भाररक्षण. उदाहरणं जपायची नाहीत, भारच जपायचे. कल्पना अशी की पहिलं काम शिकून झालं की प्रत्येक भार थोडा हलवून पाहायचा: हा हलला तर पहिल्या कामाचं उत्तर किती हलतं? ज्याच्या हलण्यानं फार फरक पडतो तो महत्त्वाचा. त्याला एक स्प्रिंग बांधायची, म्हणजे नवं शिकताना तो दूर जाऊ लागला तर मागे ओढला जाईल. ज्याच्या हलण्यानं काही होत नाही त्याला मोकळं सोडायचं. २०१७ साली कर्कपॅट्रिक आणि डीपमाइंडमधल्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला इलॅस्टिक वेट कन्सॉलिडेशन असं नाव दिलं. प्रत्यक्षात एकेक भार हातानं हलवत बसत नाहीत. फिशर इन्फर्मेशन नावाचं संख्याशास्त्रातलं एक माप आहे, त्यावरून हे महत्त्व काढतात.

आपल्या दोन तारांवर पाहू. पहिलं काम शिकून भार २ आणि ०. पहिला भार हलवला तर उत्तर तितकंच हलतं, म्हणून त्याला स्प्रिंग. दुसरा हलवला तर पहिल्या कामाला काहीच होत नाही, ती तार तिथे बंदच असते. म्हणून तो मोकळा. आता दुसरं काम, ६ हवेत. सुरुवातीला दोन्ही भार वाढू पाहतात, पण पहिल्याला स्प्रिंग मागे खेचते, आणि सरतेशेवटी सगळी वाढ दुसऱ्यावर जाते. २ आणि ४. जुनं एकही उदाहरण न दाखवता बरोबर जागा मिळाली.

स्प्रिंग किती ताठ ठेवायची, हे शिकवणाऱ्यानं ठरवायचं असतं. फार ताठ ठेवली तर जुनं टिकतं आणि नवं शिकताच येत नाही. फार सैल ठेवली तर नवं येतं आणि जुनं जातं. स्थैर्य आणि लवचिकता यांची ही ओढाताण आहे. त्याच प्रयोगांत एकाच जाळ्याला अटारीचे दहा व्हिडिओ गेम शिकवले होते. भाररक्षणामुळे ते साध्या शिकवण्यापेक्षा पुष्कळ जास्त खेळ लक्षात ठेवू शकलं, पण दर खेळाला वेगळं जाळं दिल्यावर जितकं चांगलं खेळता आलं असतं, तितकं काही त्याला जमलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटलाच की. थांबा. तीच दोन कामं जराशी बदलू. पहिलं काम: दोन्ही तारा चालू, उत्तर २. शून्यावरून शिकलं तर भार १ आणि १. दुसरं काम: फक्त पहिली तार चालू, उत्तर ३. दोन्ही कामांना चालणारे भार आहेत का? आहेत: ३ आणि उणे १. आता स्प्रिंगा बांधू. पहिल्या कामात दोन्ही भार सारखेच महत्त्वाचे, म्हणून दोघांना सारखी स्प्रिंग. दुसरं काम पहिल्या भाराला ३ कडे ओढतं, स्प्रिंग १ कडे ओढते. दोन्ही ओढी सारख्या धरल्या तर तो २ वर अडकतो. दुसरा भार आहे तिथेच, १ वर, कारण त्याला हलवणारं कुणी नाही. निकाल काय? दुसऱ्या कामाचं उत्तर २, हवं होतं ३. पहिल्या कामाचं उत्तर ३, हवं होतं २. दोन्ही कामं अर्धवट बिघडली.

का बिघडली? पहिल्या कामाला पहिला भार १ च हवा होता असं नव्हतं, दुसराही १ च हवा होता असं नव्हतं. त्याला हवी होती ती दोघांची बेरीज, २. पहिला दोननं वाढला असता आणि दुसरा दोननं उतरला असता, तरी त्याची काही तक्रार नव्हती. पण आपण भार सुटे सुटे जपले, त्यांच्यातलं नातं जपलं नाही. मग नातं का जपत नाहीत? कारण नाती फार असतात. दहा लाख भार असतील तर जोड्यांच्या तक्त्यात एक लाख कोटी घरं होतात. ते परवडत नाही, म्हणून ही पद्धत एकेका भाराचं महत्त्व तेवढं ठेवते. उजळणीला ही अडचण येत नाही. करून पाहा: साधं शिकल्यावर भार ३ आणि १ होतील, तिथून आळीपाळीनं विचारत गेलात तर ३ आणि उणे १ कडे पोहोचाल. उजळणी भार कुठे आहेत हे बघतच नाही. उत्तर बरोबर येतंय का, एवढंच बघते.

हा फरक मोठ्या प्रयोगातही दिसतो. हस्तलिखित अंकांचा एमनिस्ट नावाचा प्रसिद्ध संच आहे. त्यातले अंक जोडीजोडीनं शिकवतात: आधी ० आणि १, मग २ आणि ३, शेवटी ८ आणि ९. परीक्षेत 'हा कुठल्या जोडीतला आहे' हे सांगितलं, तर भाररक्षण ९८ टक्क्यांच्या वर जातं. फार छान वाटतं. पण जोडी सांगितली नाही, 'दहापैकी कुठला अंक' एवढंच विचारलं, तर तीच पद्धत २० टक्क्यांच्या आसपास येते. २० च का? कारण दहा अंकांपैकी शेवटचे दोनच उरले. काहीही दाखवा, यंत्र ८ किंवा ९ म्हणतं. ३ आणि ८ यांच्यात फरक काय, हे त्याला कधीच शिकवलेलं नव्हतं, ते दोघे कधी एकत्र समोर आलेच नाहीत. जे शिकलेलंच नाही ते स्प्रिंग लावून कसं जपणार? उजळणीत ३ आणि ८ शेजारी येतात. त्यामुळे उजळणीच्या पद्धती याच परीक्षेत ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेल्या आहेत. त्यांतल्या काहींनी खरी चित्रं जपलीसुद्धा नव्हती. जुन्या अंकांसारखी चित्रं काढायला दुसऱ्या एका जाळ्याला शिकवलं होतं, आणि त्या काढलेल्या चित्रांवर उजळणी केली होती. डोळ्यांच्या फोटोंसारखं बारकाव्याचं काम असेल तर अशी चित्रं काढणं मुळातच अवघड जातं, आणि जे चित्र काढतं तेही एक जाळंच असल्यानं तेही विसरू शकतं.

इथे एका ताईंनी प्रश्न विचारला आहे: एवढा खटाटोप कशाला, जुनं-नवं सगळं एकत्र करून पहिल्यापासून शिकवावं की! बरोबर आहे. ते शक्य असेल तेव्हा तेच करावं. या क्षेत्रात इतर सगळ्या पद्धती त्याच्याशीच ताडून पाहतात. पण दर वेळी पहिल्यापासून शिकवण्याचा खर्च मोठा असतो, आणि जुनं हातात नसेल तर तो मार्ग बंदच असतो. तेव्हा आपण सांगू तो क्रम असा: जुनं सगळं असेल तर एकत्र शिकवा. थोडं जपता येत असेल तर उजळणी करा, थोडीशी उजळणीही खूप काम करते. काहीच जपता येत नसेल तर भाररक्षण, पण त्याच्या मर्यादा ओळखून.

आणि कुणी सांगितलं की 'आमची व्यवस्था नव्या माहितीवर शिकवली, आता ती जास्त अचूक झाली', तर एक प्रश्न जरूर विचारा: कशावर अचूक? नव्या कामाचा आकडा तेवढा दाखवत असतील तर त्यावर समाधान मानू नका. सरासरीही फसवते, नवं चांगलं झालं की ती जुन्याचं बिघडणं झाकते. प्रत्येक जुन्या कामाची, न पाहिलेल्या उदाहरणांवर, शिकवण्याआधी आणि नंतर अशी दोनदा परीक्षा घेतली का? दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे विसरणं. आणि परीक्षेत यंत्राला 'हे कुठल्या कामातलं' अशी आयती खूण दिली होती का? कारण प्रत्यक्षात ती खूण कुणी देत नाही. जुनी उदाहरणं शिकवायला वापरता आली नाहीत तरी त्यांतली काही निदान परीक्षेपुरती राखून ठेवण्याची परवानगी मागावी. तीही नसेल तर काय गेलं ते कळायचा मार्गच उरत नाही.

सॉक्रेटिसला त्या संवादात दोन्ही चित्रं शेवटी पुरेशी वाटत नाहीत. आपल्यालाही आज तेच दिसलं. ही जाळी मेणासारखी आहेत म्हणून विसरतात, आणि त्यांना पिंजरा समजून एकेक भार सुटा जपायला गेलं की ते अपुरं पडतं. या जाळ्यांचं ज्ञान एकट्या भारात नसतं, भारांनी मिळून जे उत्तर येतं त्यात असतं. म्हणून ते टिकलं की नाही, हे आत डोकावून ठरवता येत नाही. पुन्हा विचारूनच ठरवावं लागतं. इथे थांबू.